वही गेली, फोटो उरले: एसओएमच्या नोट्स रिव्हिजनसाठी परत टाईप करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सेमिस्टरला पीएल सुरू झाली की कुणाची तरी वही गेलेली असते. कुणी बसमध्ये विसरतं, कुणी सबमिशनच्या गठ्ठ्यात देऊन बसतं, कुणाची झेरॉक्सच्या दुकानातच राहते. मग ग्रुपवर कधीतरी टाकलेले फोटो शोधायचे आणि त्यावरून नोट्स परत उभ्या करायच्या. इंजिनिअरिंगच्या ज्युनिअर मुलामुलींकडून मला याबद्दल तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतेय. उदाहरणं सगळी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सची, म्हणजे आपल्या एसओएमची घेतलीत, कारण या विषयात फॉर्म्युले खूप, एकमेकांसारखे दिसणारे खूप, आणि फोटोत एक घात चुकीचा वाचला की अख्खं न्युमरिकल जातं.

फोटो मुळात कुठे कुठे शोधायचे? माझ्या गॅलरीत तर काहीच नाही.

गॅलरीत नाही म्हणजे गेलेच असं नाही. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो `WhatsApp Images` या फोल्डरमध्ये असतात आणि तू स्वतः पाठवलेले त्याच्या आत `Sent` नावाच्या फोल्डरमध्ये, हे फोल्डर गॅलरी बरेचदा दाखवत नाही, तर फाईल मॅनेजरमधून जा. गुगल फोटोजला बॅकअप चालू असेल तर डिलीट झालेला फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतो, आयफोनच्या `Recently Deleted` मध्ये 30 दिवस.

पण सगळ्यात चांगली कॉपी तुझ्याकडे नसतेच, ज्याने फोटो काढला त्याच्या फोनमध्ये असते. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना दाबून लहान करतं, आणि त्यात आधी काय जातं तर बारीक गोष्टी: घाताचा आकडा, दशांश चिन्ह, सबस्क्रिप्ट. म्हणजे नेमकं जे फॉर्म्युल्यात लागतं तेच. म्हणून मैत्रिणीला सांग, फोटो म्हणून नको पाठवू, डॉक्युमेंट म्हणून पाठव. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाईल आहे तशी येते. हे एवढं एक काम आधी केलंस ना, तर पुढचे "हा 3 आहे की 2 आहे" यातले बरेचसे प्रश्न येतच नाहीत.

चाळीस-पन्नास फोटो आहेत, सगळे मागेपुढे. क्रम कसा लावू?

व्हॉट्सअ‍ॅपच्या फाईलचं नाव बघ, `IMG-20240912-WA0007.jpg` असं काहीतरी असतं. मधले आठ आकडे म्हणजे तारीख, 2024 चा सप्टेंबर, 12 तारीख. म्हणजे नावाने सॉर्ट केलं की निदान दिवसाप्रमाणे गठ्ठे पडतात. फक्त ही तारीख फोटो पाठवल्या-आल्याची आहे, लेक्चरची नाही. कुणी महिन्याभराचं एकदम पाठवलं असेल तर सगळ्यावर एकच तारीख दिसणार, आणि शेवटचा नंबरही पाठवणाऱ्याने ज्या क्रमाने सिलेक्ट केलं तसाच येतो, त्याच्यावर फार विसंबू नको.

खरा क्रम पानावरच असतो. वरच्या कोपऱ्यात तारीख असते, पान नंबर असतो, आणि काहीच नसेल तर एका पानाची शेवटची ओळ आणि दुसऱ्याची पहिली ओळ जुळवायची. एखादं पान "∴ M =" वर संपतंय आणि पुढचं नव्या टॉपिकने सुरू होतंय म्हणजे मधलं पान गायब आहे, ते तिथेच लिहून ठेव, नंतर आठवत नाही. क्रम लावतानाच फाईलची नावं बदलून टाक, `3-04` म्हणजे युनिट 3 चं चौथं पान, एवढं साधं पुरतं. टायपिंग सुरू केल्यावर ही नावं फार उपयोगी पडतात, का ते खाली येईलच.

फोटो अंधुक आहे, स्कॅनर अ‍ॅपमध्ये टाकून ब्लॅक अँड व्हाईट केला तर चालेल ना?

थांब जरा. ब्लॅक अँड व्हाईट फिल्टर पान एकदम स्वच्छ दाखवतो खरा, पण तो प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा करतो, आणि मग फिकट पेनने काढलेलं दशांश चिन्ह, मायनसची बारीक रेघ, σ च्या खाली लिहिलेलं छोटं अक्षर हे पांढऱ्यात जमा होतं. पान वाचायला सोपं झालं असं वाटतं आणि 7.5 चे 75 झालेले असतात. मागच्या पानाची शाई उमटलेली असेल तर उलटंही होतं, मागचा ठिपका पुढे येऊन बसतो आणि 75 चे 7.5 होतात.

त्यापेक्षा फोटो रंगीतच ठेव, फोनच्या साध्या एडिटमध्ये कॉन्ट्रास्ट वाढव, शॅडो थोडी उचल, आणि लॅपटॉपच्या मोठ्या स्क्रीनवर झूम करून बघ. तिरका काढलेला असेल तर क्रॉपमधलं पर्स्पेक्टिव्ह वापरून सरळ कर. फ्लॅशचा पांढरा डाग ज्या जागी पडलाय तिथलं मात्र कुठल्याच एडिटने परत येत नाही, त्या ओळीसाठी दुसऱ्या कुणाचा तरी फोटो मागायचा.

फोटोतून टेक्स्ट आपोआप कॉपी करता येतं की, मग हाताने कशाला टाईप करू?

व्याख्या आणि साधी वाक्यं नीट अक्षरात असतील तर कॉपी कर, काही बिघडत नाही, नंतर एकदा वाचून घे. फॉर्म्युला मात्र नको. फोनचं साधं टेक्स्ट कॉपी ओळीओळीने वाचतं, त्याला अपूर्णांकाची वरची-खालची बाजू कळत नाही, घात खाली येऊन शेजारी बसतो, bd³ चं bd3 होतं, σ चा 6 होतो, τ चा T होतो. ते दुरुस्त करण्यापेक्षा हाताने टाईप केलेलं लवकर होतं.

पान जसंच्या तसं टाईप करायचं का?

नाही. ही सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक आहे. अख्खी वही टाईप करायला घेतली की पहिलं युनिट सुंदर होतं आणि तिसऱ्या युनिटपर्यंत परीक्षा आलेली असते. तुझ्याकडे फोटो आहेत, ते वाचायला आहेतच. टाईप करायचं ते रिव्हिजनसाठी, आणि रिव्हिजनला तीनच गोष्टी लागतात: हेडिंग, व्याख्या, फॉर्म्युला. सोडवलेलं न्युमरिकल टाईप करायचं नाही, डेरिव्हेशनच्या सगळ्या स्टेप्स टाईप करायच्या नाहीत, सरांनी सांगितलेली पुलाची गोष्ट टाईप करायची नाही.

हेडिंग मात्र पानावरून घेऊ नकोस, सिलॅबसवरून घे. युनिव्हर्सिटीचा सिलॅबस उघडायचा, युनिटखाली जे टॉपिक दिलेत ते आधी रिकाम्या फाईलमध्ये हेडिंग म्हणून टाकायचे, आणि मग एकेक फोटो उघडून त्यातलं काय कुठल्या हेडिंगखाली जातं ते भरत जायचं. याचा फायदा असा की शेवटी जे हेडिंग रिकामं राहील ते तुझ्याकडे नाहीच हे लगेच दिसतं. नाहीतर फोटोत जे आहे तेवढाच सिलॅबस असं वाटून माणूस निवांत राहतो.

व्याख्या किती लांब ठेवायची?

एक वाक्य, फार तर दोन. पण छोटी करताना अट कापायची नाही. उदाहरणार्थ हूकचा नियम "स्ट्रेस हा स्ट्रेनच्या प्रमाणात असतो" एवढाच लिहिला तर अर्धा राहिला, "प्रपोर्शनल लिमिटच्या आत" हे त्यातलं महत्त्वाचं. तसंच न्यूट्रल अ‍ॅक्सिस म्हणजे "मधली रेघ" असं कुणी कुणी घाईत लिहिलेलं असतं. खरं म्हणजे क्रॉस सेक्शनमधली ती रेघ जिथे बेंडिंग स्ट्रेस शून्य असतो, आणि साध्या बेंडिंगमध्ये ती सेक्शनच्या सेंट्रॉइडमधून जाते. आयताकृती सेक्शनला ती मध्यावर येते म्हणून मधली, टी सेक्शनला मध्यावर येतच नाही. मैत्रिणीने लेक्चरमध्ये पळत पळत लिहिलंय हे लक्षात ठेवून व्याख्या तेवढ्या पुस्तकाशी ताडून घे.

आणि भाषा जी पेपरात लिहिणार तीच. इंग्लिशमध्ये लिहिणार असशील तर व्याख्या इंग्लिशमध्येच टाईप कर, समजायला शेजारी मराठीत चार शब्द टाकलेस तर हरकत नाही.

फॉर्म्युल्यासोबत नक्की काय काय लिहायचं?

नुसता फॉर्म्युला टाईप केलेला असेल तर परीक्षेच्या आदल्या रात्री त्यातलं y म्हणजे काय हेच आठवत नाही. प्रत्येक फॉर्म्युल्याखाली अक्षरांचा अर्थ आणि युनिट, आणि तो कधी लागतो त्याची एक ओळ. बेंडिंगचं असं दिसेल:

```
M/I = σ/y = E/R
M : बेंडिंग मोमेंट          N·mm
I : न्यूट्रल अ‍ॅक्सिसभोवतीचा MI   mm⁴
σ : बेंडिंग स्ट्रेस           N/mm²
y : न्यूट्रल अ‍ॅक्सिसपासून अंतर   mm
E : यंग्ज मॉड्युलस          N/mm²
R : वक्रतेची त्रिज्या         mm
फोटो: 3-04
```

शेवटची ओळ बघितलीस? फोटोचं नाव. शंका आली की त्या पानावर थेट जाता येतं. डेरिव्हेशन टाईप करायचं नाही म्हटलं ना, त्याच्याऐवजी हेच, "डेरिव्हेशन फोटो 3-03" एवढं लिहायचं आणि पुढे जायचं. या फॉर्म्युल्याची गृहीतकं मात्र टाईप कर, ती थिअरीला विचारतात: मटेरियल सगळीकडे आणि सगळ्या दिशांना सारखं, हूकचा नियम पाळणारं, बीम आधी सरळ, सेक्शन वाकल्यावरही सपाट राहतो, E ताणात आणि दाबात सारखाच.

फोटोत bd³/12 आहे की bd²/12 आहे तेच कळत नाही. अंदाजाने लिहू का?

अंदाजाने अजिबात नाही. हाताने लिहिलेलं संशयास्पद असेल तर तुला संशय येतो तरी, एकदा टाईप झालं की ते छापल्यासारखं दिसतं आणि मग कुणी शंका घेत नाही, तूही नाही. म्हणून टाईप करायच्या आधी तपासायचं, आणि एसओएममध्ये तपासायला फार सोपे रस्ते आहेत.

पहिला रस्ता युनिटचा. I चं युनिट mm⁴ असतं. b ही लांबी, d ही लांबी, दोघांचे घात मिळून चार व्हायलाच पाहिजेत. bd³ मध्ये 1 आणि 3 मिळून 4, बरोबर. bd² असेल तर तीनच होतात, म्हणजे ते I नाही, ते Z च्या घरातलं आहे, सेक्शन मॉड्युलसचं युनिट mm³. तसंच गोल सेक्शनचं πd⁴/64 हे I, आणि πd³/32 हे Z. आता πd⁴/32 पण असतं, तो J, टॉर्शनचा पोलर मोमेंट. ही तीन इतकी सारखी दिसतात की फोटोत नुसत्या आकड्यावरून ओळखू जाऊ नये, आधी डावीकडे कुठलं अक्षर आहे ते बघायचं.

पण युनिटने सगळं पकडता येत नाही. खालचा 12 आहे की 6, 64 आहे की 32 हे युनिट सांगू शकत नाही, कारण नुसत्या आकड्याला युनिट नसतं. तिथे दुसरा रस्ता, एका फॉर्म्युल्यावरून दुसरा काढून बघायचा. Z म्हणजे I भागिले y चं सगळ्यात मोठं मूल्य, आणि आयतात ते d/2. bd³/12 ला d/2 ने भागलं की bd²/6 येतं. म्हणजे I खाली 12 आणि Z खाली 6 हे दोन्ही एकमेकांना धरून आहेत. गोलात πd⁴/64 ला d/2 ने भागलं की πd³/32. आणि J हा I च्या दुप्पट, म्हणून πd⁴/32. पाच फॉर्म्युले एकमेकांची साक्ष देतात, एक जरी चुकीचा वाचला असेल तर साखळी तिथे तुटते आणि कुठे तुटली ते कळतं.

फॉर्म्युला ठीक, पण आकडे वाचता येत नसतील तर? एखादं पान पूर्ण करून दाखवा.

घे. समजा पानावर असं आहे: सिंपली सपोर्टेड बीम, स्पॅन 4 मीटर, त्यावर 5 kN/m चा यूडीएल, सेक्शनची खोली 200 mm, आणि रुंदी 100 आहे की 160 आहे ते कळत नाही कारण मधला शून्य वरून उघडा राहिलाय. खाली M चा फॉर्म्युला आहे पण W मोठा की लहान ते समजत नाही, आणि शेवटी चौकटीत उत्तर स्पष्ट दिसतंय, 15 N/mm².

आधी W बघू. फॉर्म्युल्यात l वर 2 हा घात दिसतोय, खाली 8 आहे. M चं युनिट kN·m यायला पाहिजे. l² म्हणजे m², तर वरचं अक्षर kN/m मध्येच असायला हवं, म्हणजे तो लहान w, मीटरमागे लोड. मोठा W, नुसता kN मध्ये असता तर एकच l असता, मध्यावर पॉइंट लोड असताना Wl/4 असतो तसा. मग w l²/8, म्हणजे 5 गुणिले 16 भागिले 8, M आला 10 kN·m, म्हणजेच 10 × 10⁶ N·mm.

आता रुंदी. 100 धरून Z काढ:

```
Z = bd²/6 = 100 × 200² / 6 = 666667 mm³
σ = M/Z = 10×10⁶ / 666667 = 15 N/mm²
```

उत्तर 15, जुळलं. 160 धरून बघितलं तर Z होतो 1066667 आणि स्ट्रेस येतो साधारण 9.4, पानावरच्या उत्तराशी काही संबंध नाही. म्हणजे रुंदी 100, आणि शिवाय Z चा bd²/6 पण बरोबर वाचलाय हे आपोआप पक्कं झालं. सोडवलेलं न्युमरिकल टाईप करायचं नाही असं मी वर म्हटलं, पण ते असं वापरायचं. फॉर्म्युला टाईप करून झाला की त्याच पानावरचं न्युमरिकल त्याने सोडवून बघ, सरांचं उत्तर आलं तर पुढच्या पानावर जा.

एक मात्र सांभाळ, फोटोतलं उत्तरसुद्धा मैत्रिणीने फळ्यावरून उतरवताना चुकलेलं असू शकतं. उत्तर जुळत नसेल आणि युनिटप्रमाणे फॉर्म्युला बरोबर असेल तर आधी kN चे N आणि m चे mm नीट केलेत का ते बघायचं, बहुतेक घोळ तिथेच असतो, दहाच्या घाताने उत्तर हुकलं की समजायचं. त्यातूनही नाही जुळलं तर पुस्तक काढायचं.

कुठली अक्षरं सगळ्यात जास्त फसवतात?

या विषयात तरी σ आणि 6, τ आणि T, θ आणि 0, ν आणि v, l आणि 1, S आणि 5. डिफ्लेक्शनचा 5wl⁴/384EI बघ, त्यातला पहिला 5 हा S सारखा दिसला की मुलं S म्हणजे काय ते शोधत बसतात. ε आणि E यांची पण गल्लत होते, एक स्ट्रेन म्हणजे युनिट नसलेला आणि दुसरा मॉड्युलस, N/mm² वाला.

आणि एक वेगळी फसगत आहे, अक्षर नीट वाचलं तरी होणारी. एकच गोष्ट वेगवेगळे सर वेगळ्या अक्षराने लिहितात. स्ट्रेसला जुनी पुस्तकं वापरणारे सर f लिहितात, मग M/I = f/y = E/R असं दिसतं, चूक नाही ते. शिअर मॉड्युलसला कुणी G लिहितं, कुणी C, कुणी N. पॉइसन्स रेशोला μ लिहिलेला असतो किंवा 1/m. आणि d हा आयतात खोली असतो, गोलात व्यास. दोन मैत्रिणींच्या फोटोंवरून एकच फाईल करत असशील, एक या बॅचची आणि एक त्या, तर आधी ठरव कुठलं अक्षर ठेवायचं आणि सगळीकडे तेच कर, फाईलच्या सुरुवातीला एक ओळ टाक, "G = काही पानांवर C". पेपरात कुठलंही चालतं, फक्त शेजारी अर्थ लिहायचा.

E, G, K वाले फॉर्म्युले फोटोत पुसट आहेत, तिथे युनिट उपयोगी पडत नाही. मग?

बरोबर, कारण E, G, K तिघांचं युनिट एकच आणि μ ला युनिटच नाही. E = 2G(1+μ), E = 3K(1−2μ) आणि E = 9KG/(3K+G), यात 2 आणि 3 उलटे बसले किंवा प्लसचा मायनस झाला तर युनिट गप्प राहतं. इथे आकडा घालून बघायचा. μ = 0.25 घे आणि E = 1 धर. पहिल्यातून G येतो 1/2.5 म्हणजे 0.4. दुसऱ्यातून 3K गुणिले 0.5 म्हणजे 1.5K = 1, तर K = 0.667. आता हे दोन्ही तिसऱ्यात घाल: वर 9 × 0.667 × 0.4 म्हणजे 2.4, खाली 2 + 0.4 म्हणजे 2.4, भागाकार 1. तिन्ही बरोबर. आकडे कुठलेही सोपे घे, पण μ च्या जागी 0 घालून तपासू नको, त्यात चुका लपतात.

वर्ड, गुगल डॉक्स की लॅटेक?

लॅटेक आधीपासून येत असेल तर वापर, नसेल तर पीएलमध्ये शिकायला बसू नको. वर्डमध्ये `Alt` आणि `=` एकत्र दाबलं की इक्वेशनचा चौकोन येतो, त्यात `\sigma` टाईप करून स्पेस दिली की σ होतो, `M/I` नंतर स्पेस दिली की उभा अपूर्णांक, `d^3` नंतर स्पेस दिली की घात. गुगल डॉक्समध्ये `Insert` मधून `Equation`, तिथेही `\sigma` आणि स्पेस चालतं.

वर्डच्या चौकोनात एकच गोष्ट सांभाळायची, कंस. `5wl^4/384EI` असं सलग लिहिलं की खाली काय काय जायचं हे त्याच्या नियमाने ठरतं, तुझ्या मनाने नाही, म्हणून `(5wl^4)/(384EI)` असे दोन्ही बाजूंना कंस दे, अपूर्णांक झाला की ते कंस आपोआप जातात. साध्या ओळीत टाईप करत असशील, फोनवर वगैरे, तर तिथे कंस ठेवच. π²EI/Le² मधला Le चा वर्ग खाली आहे हे दिसतं, पण W l³/48EI मध्ये E आणि I खाली आहेत की शेजारी गुणलेत हे वाचणाऱ्याला कसं कळणार, `W l³/(48 E I)` लिही. फोनच्या जीबोर्डवर 2 दाबून धरला की ² मिळतो, 3 वर ³, आणि ग्रीक कीबोर्ड जोडून ठेवला की σ, τ, θ शोधत बसावं लागत नाही.

आकृत्यांचं काय?

टाईप होत नाहीत, काढतही बसू नको. एसएफडी-बीएमडीचे आकार फोटोतून क्रॉप करून हेडिंगखाली चिकटव, तेवढं बास. फक्त एक आकृती स्वतः कागदावर काढ, बेंडिंग स्ट्रेसचं डिस्ट्रिब्यूशन, वर दाब, खाली ताण, मध्ये शून्य, आणि त्याच्या शेजारी शिअर स्ट्रेसचं, आयतात तो उलट मध्ये सगळ्यात जास्त, सरासरीच्या 1.5 पट, आणि वर-खाली शून्य. ही दोन शेजारी शेजारी ठेवली की एकमेकांत मिसळत नाहीत.

मधली पानंच नाहीत. पुस्तकातून भरू का?

भर, पण वेगळ्या रंगात, म्हणजे हे सरांनी घेतलेलं नाही, पुस्तकातलं आहे हे दिसेल. पुस्तकात अक्षरं आणि चिन्हांचे संकेत वेगळे असू शकतात, विशेषतः बेंडिंग मोमेंटला सॅगिंग प्लस की मायनस हा भाग. आधीच्या युनिटमध्ये सरांनी जे घेतलंय त्याच्याशी जुळवूनच टाक. कॉलम्ससारखं युनिट अख्खं गायब असेल तर इफेक्टिव्ह लेंथ आधी भर, दोन्ही टोकं हिंज्ड l, दोन्ही फिक्स्ड l/2, एक फिक्स्ड एक मोकळं 2l, एक फिक्स्ड एक हिंज्ड l/√2. इथे l/2 आणि 2l उलटे लिहिलेले मी कितीतरी वह्यांत बघितलेत. साधा विचार कर, एक टोक मोकळं असलेला कॉलम सगळ्यात लवकर वाकणार, म्हणजे त्याचा क्रिपलिंग लोड सगळ्यात कमी, आणि Le खाली आहे म्हणून त्याचाच Le सगळ्यात मोठा, 2l.

चौघांत युनिट वाटून घेतलं तर चालेल का?

चालेल, पण टाईप करणारा आणि तपासणारा वेगळा ठेवा. तपासणाऱ्याने टाईप केलेलं वाचायचं नाही, फोटो उघडून त्यावरून फॉर्म्युला स्वतः कागदावर लिहायचा आणि मग दोन्ही ताडायचे. टाईप केलेलं आधी बघितलं की डोळ्याला फोटोतही तेच दिसायला लागतं. आणि अक्षरांचं आधीच ठरवून घ्या, नाहीतर एकाचा G आणि दुसरीचा C एकाच फाईलमध्ये येतो.

उद्या परवा पेपर आहे, आता काय करू?

मग व्याख्या सोड, फक्त फॉर्म्युले घे, आणि तेही टाईप न करता हाताने लिही, हाताने लवकर होतं. क्रम असा धर: बेंडिंग, टॉर्शन, शिअर फोर्स-बेंडिंग मोमेंट, मग डिफ्लेक्शन आणि कॉलम्स. टॉर्शनचा T/J = τ/r = Gθ/L हा बेंडिंगच्या सारख्याच बांधणीचा आहे, M च्या जागी T, I च्या जागी J, y च्या जागी r, म्हणून दोन्ही एकाखाली एक लिहिले की एकाच दमात होतात. θ रेडियनमध्ये, हे त्याच्या शेजारीच लिही, डिग्री घालून उत्तर चुकणं हे दर वर्षी होतं.

टाईप करून झालं, आता जुने फोटो डिलीट करू?

निकाल लागेपर्यंत तरी नको. डेरिव्हेशन आणि सोडवलेली न्युमरिकल्स फोटोतच आहेत, आणि फाईलमध्ये जिथे तिथे तू "फोटो 3-04" लिहिलंयस ते फोटोच नसतील तर त्या ओळीला अर्थ राहत नाही. सगळे फोटो एका फोल्डरमध्ये, नावं बदललेली तशीच ठेवून, ड्राईव्हवर टाक आणि टाईप केलेली फाईल त्याच फोल्डरमध्ये ठेव. फोनमधली जागा हवी असेल तर ड्राईव्हवरचा फोल्डर लॅपटॉपवर उघडून दोन-चार फोटो पूर्ण झूम करून बघ, घात वाचता येतायत का, आणि मग फोनमधले काढ.